दोन्ही काचांचा नंबर बरोबर, तरी चष्मा घालवत नाही

"माझं वय ५७, रोज लोकलने नोकरीला जाते. शाळेत असल्यापासून दोन्ही डोळ्यांना जाड मायनस नंबर, शेवटचा मायनस ७. दोन महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, छान झालं, त्या डोळ्याने आता लांबचं चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. डाव्यात मोतीबिंदू अगदी सुरुवातीचा आहे, डॉक्टर म्हणाले वर्षभर थांबलं तरी चालेल. मग नवीन प्रोग्रेसिव्ह चष्मा केला, उजवी काच शून्य, डावी मायनस ७, वाचायला अडीच. घातला की गरगरतं, मळमळतं आणि ठाणे स्टेशनच्या पुलावरून उतरताना एकेक पायरी दोन दोन दिसते. दुकानात दोनदा नंबर तपासला, बरोबर आहे म्हणतात, घालत राहा, सवय होईल म्हणतात. महिना झाला. ऑपरेशनमध्ये काही चुकलंय का, की माझ्या डोक्यातच काही झालंय?"
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

ताई, बाकीचं सगळं नंतर, आधी एक करा, तो चष्मा घालून जिना उतरणं आजपासून बंद. गर्दीच्या वेळी पुलावर मागून लोंढा येत असतो आणि पुढची पायरी नक्की कुठे आहे हेच कळत नसेल तर पाय मुरगळण्यावर भागणार नाही. स्टेशनला जाताना चष्मा पर्समध्ये ठेवा आणि कठड्याला धरून उतरा, उजव्या डोळ्याने लांबचं स्वच्छ दिसतंय म्हणता तर तेवढं चालण्याफिरण्याला पुरतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही लिहिलंय त्यावरून ऑपरेशन चुकलेलं वाटत नाही आणि दुकानदाराने नंबरही चुकीचा दिलेला नाही. उजवी काच एकटी बरोबर आहे, डावी काच एकटी बरोबर आहे, त्या दोघींची जोडी जमत नाहीये. दोन डोळ्यांच्या नंबरात ७ चा फरक असताना तो चष्म्याने भरून काढायचा हाच मार्ग मुळात चालणारा नाही, आणि महिना काय वर्ष घातला तरी याची सवय होत नाही, कारण तुमचा मेंदू जे करू शकत नाही तेच त्याच्याकडून मागितलं जातंय.

पण माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, घरीच तपासून बघा. खुर्चीवर बसा, चष्मा घाला आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मान न हलवता एकदा डावा डोळा हाताने झाका, मग उजवा, मग परत डावा, असं जरा भरभर. डाव्या डोळ्याने बघताना अख्खं कॅलेंडर थोडं आक्रसल्यासारखं, जरा लांब गेल्यासारखं दिसेल आणि उजव्याने बघताना परत मोठं होईल. मग हनुवटी वर ठेवून नुसती नजर खाली नेऊन फरशीची रेघ बघा, दोन रेघा दिसल्या की एक डोळा झाका. कुठलाही एक डोळा झाकल्यावर दुसरी रेघ लगेच गायब होत असेल तर हा दोन डोळ्यांच्या जोडीचाच प्रश्न आहे. एक डोळा झाकूनसुद्धा उघड्या डोळ्याला दोन रेघा दिसत असतील तर गोष्ट वेगळी, मग तो त्या एका डोळ्याचा प्रश्न, मोतीबिंदू, सिलिंडर नंबर, बसवलेली लेन्स असं काहीही असू शकतं आणि ते ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनाच दाखवायचं.

डोक्यात काही झालंय का ही भीती तुम्ही लिहिलीत म्हणून तेही स्पष्ट सांगते. चष्मा काढल्यावरही दोन दिसणं, ते अचानक सुरू होणं, पापणी खाली पडणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, यातलं एक जरी असेल तर चष्म्याचा विचार बाजूला आणि सरळ मोठं हॉस्पिटल, त्याच क्षणी. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, तुमचं दोन दिसणं चष्म्याबरोबर येतं आणि चष्म्याबरोबर जातं, त्यामुळे ती चिंता सध्या मनातून काढा.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण समजलं नाही तर तुम्ही तिसऱ्या, चौथ्या दुकानात जाऊन पैसे घालवाल आणि प्रत्येक ठिकाणी नंबर बरोबरच निघेल.

मायनस काच चित्र स्वच्छ करते पण त्याच वेळी ते लहान करते. जाड मायनस चष्मा लावलेल्या माणसाचे डोळे आपल्याला काचेमागे बारीक दिसतात ना, त्याला आतून जगही तसंच बारीक दिसत असतं. किती बारीक हे दोन गोष्टींवर ठरतं, काचेचा नंबर आणि काच डोळ्यापासून किती लांब आहे. साधारण चष्म्याची काच बुबुळापासून १२ ते १४ मिलिमीटरवर बसते. मायनस ७ ची काच १३ मिलिमीटरवर धरली तर चित्र साधारण ८ टक्क्यांनी लहान होतं. म्हणजे १०० सेंटीमीटर उंचीची खिडकी तुमचा उजवा डोळा १०० चीच बघतो, कारण त्याच्यापुढची काच शून्याची आहे, आणि डावा डोळा तीच खिडकी ९२ ची बघतो. एका कागदाची एक झेरॉक्स १०० टक्क्यांवर आणि दुसरी ९२ टक्क्यांवर काढून एकमेकींवर ठेवून उजेडात धरा, मधला शब्द जुळवाल तर कडेचे शब्द सुटतील आणि कडा जुळवाल तर मधलं सुटेल, तुमचा मेंदू महिनाभर दिवसरात्र हेच जुळवत बसलाय. गरगरणं, मळमळणं, डोकं जड होणं, फरशी तिरकी वाटणं हे सगळं त्यातून येतं. एक-दोन टक्क्यांचा फरक बहुतेकांना जाणवतही नाही, ३ च्या पुढे त्रास सुरू होतो, ५ च्या वर गेला की दोन चित्रं एक करणं फारच अवघड. तुमचा ८ आहे. आमच्याकडे नंबरातल्या फरकाला अनायसोमेट्रोपिया म्हणतात आणि त्यातून येणाऱ्या चित्रांच्या लहानमोठेपणाला अनायसेकोनिया, रिपोर्टवर असलं काही लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ते याचंच नाव आहे.

मग इतकी वर्षं काही झालं कसं नाही? कारण इतकी वर्षं दोन्ही काचा मायनस ७ च्या आसपास होत्या, दोन्ही डोळे जग सारखंच ८ टक्क्यांनी लहान बघत होते, दोन्ही झेरॉक्स ९२ च्याच होत्या, म्हणून जुळत होत्या.

आता यातली एक गोष्ट जी दुकानात सहसा कुणी सांगत नाही. जास्त मायनस नंबर बहुतेक वेळा डोळ्याची लांबी वाढल्यामुळे येतो, नॉर्मल डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर, तुमच्यासारख्यांचा २६ च्या आसपास किंवा त्याहून जास्त. ऑपरेशनमध्ये तुमचा उजवा डोळा काही आखूड झालेला नाही, तो अजूनही डाव्याइतकाच लांब आहे, फक्त आतला गढूळ झालेला भिंग काढून मोजूनमापून अशी लेन्स बसवली की ७ चा नंबर डोळ्याच्या आतच भरून निघाला. म्हणजे डोळे दोन्ही सारखे, पण एकाची काच डोळ्याच्या आत गेली आणि दुसऱ्याची बाहेर नाकावरच राहिली. त्यामुळे चष्म्याने केलेला लहानमोठेपणा जसाच्या तसा पडद्यावर उतरतो, त्याला भरून काढणारं मागे काही नाही. हे सांगायचं कारण असं, तुम्हाला हमखास कुणीतरी भेटेल जी म्हणेल माझ्या मुलीच्या दोन डोळ्यांत ४ चा फरक आहे आणि ती तर मजेत चष्मा घालते. तिचं वेगळं आहे. तिचा एक डोळा लहानपणापासून दुसऱ्यापेक्षा लांब असणार, लांब डोळ्यात पडद्यावरचं चित्र मुळात मोठं पडतं, मायनस काच ते लहान करते, त्यामुळे थोडीफार भरपाई होते, शिवाय लहान मुलांचा मेंदू असल्या गोष्टी आपल्यापेक्षा खूप सहज पचवतो. तिच्याशी तुमची तुलना करू नका आणि तुमच्या अनुभवावरून तिच्या मुलीचा चष्मा बंद करायला तर अजिबात सांगू नका, मुलांना फरक कितीही असला तरी डॉक्टरांनी दिलेला पूर्ण नंबर लावावाच लागतो, नाहीतर कमजोर डोळा कायमचा आळशी होतो.

हे झालं गरगरण्याचं. पायऱ्या दोन दिसण्याचं कारण मात्र वेगळं आहे आणि माझ्या मते तुमच्यासाठी तेच जास्त धोक्याचं आहे.

प्रत्येक काचेला एक मध्य असतो, त्यातून सरळ बघितलं तर वस्तू जिथे आहे तिथेच दिसते. मध्य सोडून खालून, वरून, बाजूने बघितलं की तीच काच प्रिझमसारखी वागायला लागते, वस्तू जागेवरून सरकवते. किती सरकवते याचा हिशोब सोपा आहे, मध्यापासून जितके सेंटीमीटर लांब बघाल त्याला नंबराने गुणायचं. पायरी बघायला तुम्ही नजर खाली नेता तेव्हा मध्यापासून साधारण १ सेंटीमीटर खालून बघत असता, म्हणजे डाव्या डोळ्यापुढे ७ गुणिले १ बरोबर ७ प्रिझम आणि उजव्यापुढे शून्य. मायनस काच खाली जाड असते त्यामुळे तिच्यातून पायरी वर सरकलेली दिसते. एक पायरी जिथे आहे तिथे, तीच दुसरी डाव्या डोळ्याला थोडी वर आणि थोडी लहान, हे तुम्हाला पुलावर दिसतंय. आडव्या दिशेत आपले डोळे बरंच सांभाळून घेतात, दोन्ही आत वळतात, पण एक डोळा वर आणि एक खाली हे डोळ्यांना जवळपास जमतच नाही, बहुतेक माणसं उभ्या दिशेत २-३ प्रिझमपर्यंत कसंबसं सांभाळतात. ७ कुठून सांभाळणार.

आणि त्यात तुम्हाला दिलाय प्रोग्रेसिव्ह. प्रोग्रेसिव्हमध्ये वाचायचा भाग मध्याच्या खाली जवळपास दीड सेंटीमीटरवर असतो आणि तिथूनच वाचावं लागतं. वाचायच्या भागात दोन्ही काचांत अडीच मिळवले तरी फरक ७ चा ७ च राहतो, उजवीकडे प्लस अडीच, डावीकडे मायनस साडेचार. सात गुणिले दीड म्हणजे साडेदहा प्रिझम. पेपर वाचताना ओळी एकमेकींवर चढत असतील, तुम्ही लिहिलं नाहीत पण चढत असणार. साध्या चष्म्यात निदान नजर खाली नेण्याऐवजी मान खाली घालून काचेच्या मध्यातून बघण्याची युक्ती थोडी चालते, प्रोग्रेसिव्हमध्ये तीही बंद, मान खाली घातली की लांबचा भाग समोर येतो आणि वाचताच येत नाही. यात प्रोग्रेसिव्ह हलका की महागडा याचा काहीही संबंध नाही. अजून भारी काच घ्या, त्रास कमी होईल असं कुणी म्हणालं तर कृपा करून पैसे देऊ नका.

सवय होईल हे दुकानदार काही फसवायला म्हणत नाही, सिलिंडर थोडा बदलला, अर्धा-एक नंबर वाढला, फ्रेमचा आकार बदलला तर आठ-पंधरा दिवसांत खरंच सवय होते. पण ७ चा फरक असताना सवय झाली असं जेव्हा वाटतं तेव्हा बरेचदा मेंदूने डाव्या डोळ्याचं चित्र सरळ बंद करून टाकलेलं असतं, दोन दिसणं थांबतं पण खोलीचा अंदाज जातो, चहा कपाच्या बाहेर ओतला जातो, रिक्षातून उतरताना पाय लवकर किंवा उशिरा टेकतो. त्याला सवय म्हणायचं नाही, दोनातला एक डोळा वजा झालाय.

तर आता करायचं काय. तुमच्यापुढे खरे रस्ते दोनच आहेत, बाकी सगळी मधल्या दिवसांची सोय.

पहिला रस्ता, डाव्या डोळ्यात काँटॅक्ट लेन्स. ५७ व्या वर्षी काँटॅक्ट लेन्स म्हटलं की सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघतात जसं मी काहीतरी भलतंच बोलले, पण ऐकून घ्या. काँटॅक्ट लेन्स बुबुळावरच बसते, १३ मिलिमीटरचं अंतरच संपलं, त्यामुळे चित्राचा फरक ८ वरून जेमतेम २ टक्क्यांवर येतो. आणि ती डोळ्याबरोबर फिरते, खाली बघितलं की तिचा मध्यही खाली येतो, म्हणून पायऱ्यांवर प्रिझमचा प्रश्नच उरत नाही. चष्म्याचा मायनस ७ काँटॅक्ट लेन्समध्ये साधारण मायनस साडेसहा होतो, कारण काच डोळ्याच्या जवळ आली की मायनस नंबर कमी लागतो, त्यामुळे चष्म्याचा कागद दाखवून ७ ची लेन्स ऑनलाइन मागवू नका, बुबुळाचा गोलवा मोजून, लेन्स घालून वरून नंबर तपासूनच घ्यायची. मग लांबचं दोन्ही डोळ्यांनी बिनचष्म्याचं आणि वाचायला दोन्हीकडे सारखा प्लस अडीचचा साधा चष्मा, दोन्ही काचा सारख्या म्हणजे तिथेही भांडण नाही.

ऐरोलीचे एक काका अगदी तुमच्याच अवस्थेत माझ्याकडे आले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा मायनस साडेसहा, घरात भिंतीला धरून चालायचे. त्यांना आधी ट्रायल फ्रेममध्ये पूर्ण नंबर लावून समोर बसवलं, फळ्यावरची सगळ्यात खालची ओळ दोन्ही डोळ्यांनी घडाघडा वाचली, म्हणजे खुर्चीत बसून, सरळ समोर बघून सगळं उत्तम. इथेच चष्म्याच्या दुकानात फसगत होते, तिथे माणूस बसलेला असतो, समोर एकच अक्षर बघत असतो आणि मध्यातूनच बघत असतो. मग त्यांना तीच ट्रायल फ्रेम घालून दवाखान्याच्या जिन्यापाशी नेलं तर पहिल्याच पायरीला थांबले आणि माझा दंड धरला. फ्रेम काढली, डोळ्यात ट्रायलची मऊ लेन्स घातली, पाणी यायचं थांबेपर्यंत बसवलं आणि परत जिन्यापाशी नेलं. हळूहळू उतरले, खाली पोचल्यावर आपणहून परत वर चढून आले. तुम्हीही असंच करा, लेन्स विकत घ्यायच्या आधी ट्रायल मागा आणि तासभर त्या घालून फिरून या, जिना चढा-उतरा, मोबाइल वाचा, मग ठरवा.

पण ही लेन्स सगळ्यांना जमेलच असं नाही, हेही सांगते. या वयात डोळे कोरडे असतात, त्यात ऑफिसचा एसी, लोकलच्या दारातला वारा आणि धूळ. संधिवाताने बोटं आखडली असतील किंवा हात थरथरत असेल तर घालणं-काढणं त्रासाचं होतं, तेव्हा घरात कुणी मदतीला आहे का बघावं लागतं. शक्यतो रोज नवीन घालून रात्री फेकून द्यायची ती घ्या, धुण्या-साठवण्याची कटकट नाही आणि इन्फेक्शनची भीती कमी. हात साबणाने धुऊन कोरडे करूनच लावायची, नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही, घालून झोपायचं नाही, अगदी दुपारची डुलकीसुद्धा नाही. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना तर लेन्स काढायची आणि त्याच दिवशी दाखवायचं. आणि लेन्स फक्त डाव्या डोळ्यात, उजव्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हात लावायचा नाही.

दुसरा रस्ता, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर करणं. तुमचे डॉक्टर वर्षभर थांबा म्हणाले ते मोतीबिंदू किती पिकलाय एवढ्यावरून, आणि तेवढ्यावरून ते बरोबरच आहे. पण दोन डोळ्यांतला मोठा फरक आणि त्यामुळे दोन दिसणं हेही दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं मान्य कारण आहे. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला होतात, पुलाच्या जिन्यावर काय होतं ते त्यांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही. तेव्हा नुसतं चष्मा जमत नाही असं सांगू नका. असं सांगा की उजवा शून्य, डावा मायनस ७, चष्मा घातला की जिन्यावर एकावर एक दोन पायऱ्या दिसतात, एक डोळा झाकला की एकच दिसते, काँटॅक्ट लेन्सची ट्रायल घेतली ती जमली किंवा जमली नाही, आणि मी रोज लोकलने जाते, तर डावा डोळा लवकर करता येईल का. एवढ्यावर डॉक्टरांना नेमका मुद्दा कळतो. इन्शुरन्समधून करणार असाल तर त्यांना दोन्ही डोळ्यांचे नंबर आणि हा त्रास केस पेपरवर लिहून द्यायला सांगा, नाहीतर मोतीबिंदू सुरुवातीचाच आहे या शेऱ्यावर प्रश्न येऊ शकतो.

घाई करा असं मी म्हणत नाहीये, हे नीट वाचा. जास्त मायनसवाल्यांचा पडदा ताणलेला आणि पातळ असतो, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पडदा सुटण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त, म्हणून बाहुली मोठी करून पडद्याची कडेपर्यंत तपासणी झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. आणि उजव्या डोळ्याचं झालेलं असलं तरी तिकडेही लक्ष असू द्या, अचानक विजेसारखे चमकारे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार, असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी जायचं.

दोन्ही रस्त्यांची एक गाठ आहे ती लक्षात ठेवा. ऑपरेशनच्या आधी आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढायला डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलवा मोजतात, काँटॅक्ट लेन्सने तो गोलवा तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स असेल तर मोजणीच्या साधारण आठवडाभर आधी काढून ठेवायला सांगतात, कडक लेन्स असेल तर अजून बरेच दिवस आधी. काँटॅक्ट लेन्स वापरते हे मोजणी करणाऱ्याला स्वतःहून सांगा, गर्दीत विचारायचं राहून जातं.

आणि यातलं काही होईपर्यंत? तुमच्या बाबतीत सगळ्यात साधी सोय म्हणजे लांबच्यासाठी चष्माच न घालणं. डावा डोळा ७ च्या नंबराने इतका धूसर असतो की मेंदू त्याच्याकडे बऱ्यापैकी दुर्लक्ष करतो, एक चित्र स्वच्छ आणि एक धुरकट यात भांडण कमी, दोन स्वच्छ पण वेगवेगळ्या आकाराची चित्रं यात भांडण जास्त. वाचायला एक साधा चष्मा करून घ्या, उजवीकडे प्लस अडीच, डावीकडे साधी काच. काहीजणींना डावा डोळा अगदी सोडून दिल्यासारखा आवडत नाही, एका बाजूने धूर आल्यासारखं वाटतं, त्यांना लांबच्या चष्म्यात डावीकडे ७ ऐवजी मायनस ३ च्या आसपास देऊन बघतात, आकाराचा फरक ८ वरून ४ टक्क्यांच्या आत येतो, डावं धूसरच राहतं पण जरा सुसह्य. जिन्यावर मात्र तोही काढाच. आणि या दिवसांत तुम्ही जवळपास एका डोळ्यावर चालणार आहात, अंतराचा अंदाज चुकतो, त्यामुळे स्कूटर चालवत असाल तर ती बंद, आणि फलाट आणि डब्यातलं अंतर पाय ठेवायच्या आधी उभं राहून बघा, मागची बाई काय म्हणते याकडे लक्ष देऊ नका.

फ्रेम डोळ्याच्या जवळ आणणं, लहान फ्रेम घेणं, काचांची जाडी-गोलाई जुळवणं, किंवा एका काचेच्या खालच्या भागात उलटा प्रिझम घासून घेणं ज्याला स्लॅब ऑफ म्हणतात, हे उपाय खोटे नाहीत, नंबरात २-३ चा फरक असेल तिथे मी स्वतः ते करून देते. पण तुमच्या चष्म्याची काच १३ वरून १० मिलिमीटरवर आणली तरी आकाराचा फरक साडेसहा टक्के उरतो, आणि स्लॅब ऑफने वाचताना चढणाऱ्या ओळी जुळल्या तरी चित्रं लहानमोठी ती लहानमोठीच राहतात. लेसरने डाव्याचा नंबर काढायचंही कुणी सुचवेल, पण आत मोतीबिंदू सुरू झालाय, उद्या तिथे ऑपरेशन करायचंच आहे, मग आज बुबुळ कशाला घासून घ्यायचं.

हे सदर वाचणाऱ्यांत ज्यांचा नंबर दोन्हीकडे ४-५ च्या वर आहे आणि पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय, त्यांनी तारीख घेतानाच विचारून घ्या की पहिला झाल्यावर दुसरा कधी आणि मधल्या दिवसांत मी काय घालू. नंबर पूर्ण काढायचा की थोडा मायनस ठेवायचा, म्हणजे लांबचं चष्म्याने आणि वाचणं बिनचष्म्याचं, हेही तेव्हाच ठरतं, नंतर नाही.

राहता राहिला तुमचा प्रोग्रेसिव्ह. त्या दुकानात परत जा, भांडायला नको, पण माझा दोन डोळ्यांतला फरक ७ आहे, हा चष्मा मला चालणारच नव्हता, हे शांतपणे सांगा आणि न जमलेल्या प्रोग्रेसिव्हच्या काचा बदलून देण्याची त्यांची काही सोय आहे का विचारा, बऱ्याच दुकानांत असते पण ती ठराविक दिवसांतच मिळते आणि तुमचा महिना झालाय, म्हणून या शनिवारीच जा. बदलून देत असतील तर आत्ता वाचायचा साधा चष्मा घ्या. देत नसतील तर निदान फ्रेम नीट ठेवा, डाव्या डोळ्याचं झाल्यावर नंबर स्थिर व्हायला साधारण महिना-सव्वा महिना लागतो, तेव्हा त्याच फ्रेममध्ये नवीन काचा बसतील, आणि दोन्ही डोळे सारखे असल्यावर तुम्हाला प्रोग्रेसिव्हही चालेल.